फलोदीच्या वाळवंटात पाण्याविना सफाई: रोबो, लेप आणि दव यांच्या नोंदी

जागा: भडला परिसर, पश्चिम राजस्थान. सौरऊर्जेचा संच, ५० मेगावॉट-पीक. पॅनेलं बसवलेली स्थिर कलाची टेबलं, कल २५ अंश. काळ: ऑक्टोबर २०२३ ते जून २०२४.

७ ऑक्टोबर

आधी पाण्याचा हिशोब. पॅनेल ५४५ वॉटचं आहे, म्हणजे ५० मेगावॉटला साधारण ९१,७०० पॅनेलं. टँकर-ट्रॅक्टर आणि मॉपने धुताना पॅनेलमागे दीड लिटर पाणी जातं. एका फेरीला १ लाख ३७ हजार लिटर, आणि महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे पावणेतीन लाख. इथलं विहिरीचं पाणी खारट. ते तसंच मारलं तर काचेवर पांढरा थर बसतो, म्हणून आधी आरओ करावं लागतं, आणि आरओमधून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं हा वेगळा प्रश्न. धुळे जिल्ह्यात साक्रीला पावसाळ्याचे तीन-चार महिने वरुणराजा फुकट धुऊन देतो. इथे ती सोय नाही.

पैशाचा हिशोब मात्र चिंचोळा आहे. भडल्यात २०१७ च्या लिलावात युनिटचा दर २.४४ रुपयांवर आला होता. तोच दर धरला आणि मेगावॉटला दिवसाला ४,६०० युनिटं मोजली, तर एक टक्का धूळ म्हणजे मेगावॉटमागे दिवसाला ११२ रुपये. पॅनेलं झाडणारा रोबो असो वा काचेवर द्यायचा लेप, जे काही घ्यायचं ते या ११२ रुपयांत बसवायचं आहे.

चाचणीसाठी एकाच इन्व्हर्टरवरच्या शेजारच्या चार ओळी घेतल्या. प्रत्येक ओळीत १० टेबलं, टेबलावर उभी पॅनेलं दोन रांगांत २८-२८, एकूण ५६०. वरची रांग एक स्ट्रिंग, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलांची साखळी, खालची रांग दुसरी. ही जोडणी पुढे फार उपयोगी पडली.

अ: फक्त रोबो. ब: रोबो आणि लेप. क: लेप, आणि पंधरा दिवसांनी पाण्याने धुणं. ड: लेप नाही, नेहमीचं पंधरा दिवसांचं धुणं. क आणि ड एकाच दिवशी, एकाच पाण्याने धुवायच्या. तसं केलं नाही तर तुलनेला अर्थ नाही.

१२ ऑक्टोबर

रोबो यायच्या आधी ओळ सरळ करणं हे निम्मं काम. रोबो म्हणजे ओळीच्या उतारभर लांब, साधारण साडेचार मीटरची अॅल्युमिनियमची चौकट. वर-खाली चाकं, मधे फिरणारा ब्रश, वजन चाळीसेक किलो. तो पॅनेलच्या फ्रेमवरून चालतो, त्यामुळे दोन टेबलांमधली पायरी त्याला सगळ्यात आधी जाणवते. पुरवठादाराची मर्यादा: उभी पायरी २५ मिमीपर्यंत, दोन टेबलांतलं आडवं अंतर पुलाशिवाय ५० मिमीपर्यंत.

ओळीच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून प्रत्येक जोडावर वर आणि खाली मोजलं. वरच्या कडेला सगळं ठीक निघालं. खालच्या कडेला अ ओळीत दोन जोड ३० मिमीच्या पुढे गेले. जमिनीत रोवलेली पाइल खचलेली नव्हती, पॅनेलं ज्या आडव्या पट्टीवर बसतात त्या पुर्लिनचं टोक लोंबलेलं होतं. पुर्लिनचे बोल्ट सैल करून लांबट भोकात वर सरकवले आणि पुन्हा आवळले, दोन्ही जोड १० मिमीच्या आत आले. टेबलांमधल्या फटींवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पूल बसवले. पट्टी एकाच टेबलाला बोल्टने धरायची आणि दुसऱ्या टोकाला मोकळी ठेवायची. दोन्हीकडे आवळली तर उन्हाळ्यात टेबल पसरतं आणि पट्टी कमानीसारखी वर उठते. फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली आहे, इथे प्रसरण हा कागदावरचा मुद्दा नाही.

अर्थिंगच्या तारा काही ठिकाणी फ्रेमच्या वरून वळवलेल्या दिसल्या. सगळ्या खालून घेतल्या.

२४ ऑक्टोबर

ब आणि क ओळींना लेप. फ्लोरोसिलेन जातीचा, पाणी झटकणारा. दुसरी जात टायटॅनियम डायऑक्साइडची, पाणी पसरवणारी. तिच्यावर पाण्याचा पातळ पडदा होतो आणि तो धूळ घेऊन खाली वाहतो. पण त्यासाठी वाहण्याइतकं पाणी पडायला हवं. जिथे आठ महिने पाऊस जवळजवळ नसतोच तिथे तिचा विचार केला नाही.

क्रम असा ठेवला. आरओच्या पाण्याने धुणं, रबरी वायपरने निथळणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, आणि काच कोरडी झाल्यावर मायक्रोफायबरच्या पॅडने लेप. काचेचं तापमान ३५ अंशांच्या खाली हवं, नाहीतर द्राव पसरण्याआधीच उडतो आणि ढगाळ पट्टे राहतात. म्हणून सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच काम. वारा सुटला की थांबायचं, ओल्या लेपात बसलेली धूळ कायमची. पॅनेलचं क्षेत्र २.५८ चौ.मी., लेप चौ.मी.ला ८ मिली, म्हणजे एका ओळीला साडेअकरा लिटर. मग २४ तास कोणी हात लावायचा नाही.

तपासणी: पाण्याचा थेंब टाकून बाजूने मॅक्रो लेन्सने फोटो काढायचा आणि थेंबाचा काचेशी होणारा कोन मोजायचा. सरासरी ११२ अंश आला. लेप नसलेल्या काचेवर थेंब चपटा बसतो.

आणखी एक मोजमाप केलं ते बरं झालं. लेप लावायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्वच्छ काचेवर, शॉर्ट-सर्किट करंट मोजला. लेपानंतर तो ०.४ टक्क्याने घटला. कारण कारखान्यातच काचेवर सिलिकाचा सच्छिद्र परावर्तन-रोधी थर असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाड. वरून दिलेला द्राव त्या छिद्रांत शिरतो आणि थराचा फायदा थोडा कमी होतो. म्हणजे लेप पहिल्या दिवसापासून ०.४ टक्के देणं लागतो. माहितीपत्रकात हे नसतं.

६ नोव्हेंबर

मोजणी सुरू. संदर्भासाठी दोन पॅनेलं: एक रोज सकाळी हाताने पुसायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोन्ही स्वच्छ असताना त्यांचा करंट तंतोतंत सारखा नसतो, म्हणून पहिल्या दिवशीचं गुणोत्तर ठेवून द्यायचं. SR म्हणजे मळक्या पॅनेलात उरलेला करंटचा वाटा:

```
SR = (I_dirty / I_clean) * (I_clean0 / I_dirty0)
```

पहिल्या बारा दिवसांनंतरचं उदाहरण इथेच जोडून ठेवतो. मळकं १०.६२ अँपिअर, स्वच्छ ११.२० अँपिअर, सुरुवातीचं गुणोत्तर १.००४. उत्तर ०.९५२. बारा दिवसांत ४.८ टक्के, म्हणजे दिवसाला ०.४. ही आमची धुळीची मूळ गती. वाचन फक्त ७०० वॉट प्रति चौ.मी.च्या वरच्या उन्हात घ्यायचं, तिरप्या उन्हात धूळ असते त्यापेक्षा जास्त दिसते.

रोबो १२ मीटर प्रति मिनिट चालतो. ओळ ३२८ मीटर, जायला २७ मिनिटं, यायला तेवढीच.

१८ डिसेंबर

या नोंदीसाठीच खरं तर ही वही.

गेल्या तीन दिवसांत अ ओळीचा करंट रोज घसरतोय, आणि तोही रोबो रोज चालत असताना. ड ओळ, जिला सहा दिवसांत कोणी हात लावलेला नाही, ती अ पेक्षा चांगली. काचेवर जवळून पाहिलं तर ब्रशच्या दिशेने आडवे, बारीक, राखाडी फराटे. बोटाने पुसले तर जात नाहीत. पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलली तरी धूळ तिला चिकटून येत नाही. दहापट भिंगाखाली कडेला पांढरट कडी दिसतात, सुकलेल्या थेंबांची.

पुरवठादाराकडून आलेलं मूळ वेळापत्रक पहाटे साडेचारचं आहे. कागदावर ते तर्काला धरून दिसतं: रात्रभर बसलेली धूळ सूर्य उगवायच्या आधी काढावी. पण डिसेंबरच्या पहाटे इथे काच ओली असते. निरभ्र रात्री काच आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडते आणि हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड होते. हवा कोरडी असली तरी काच दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या, खाली जाते. मग ब्रश धूळ झाडत नाही, चिखल सारवतो. इथल्या धुळीत चुनखडी, जिप्सम आणि थोडे क्षार असतात. दवात ते किंचित विरघळतात आणि ऊन चढताच धूलिकण आणि काच यांच्या मधोमध पुन्हा स्फटिक होऊन बसतात. अगदी सिमेंटसारखं. एकदा हे झालं की कोरडा ब्रश कितीही फिरवा, उपयोग नाही.

दवबिंदू काढून पाहिला. पहाटे साडेचारला हवा १४ अंश, आर्द्रता ७० टक्के: दवबिंदू ८.६. काच हवेहून पाच अंश थंड, म्हणजे ९. अंतर अर्ध्या अंशाचंही नाही. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला हवा २०, आर्द्रता ४५: दवबिंदू ७.७, काच १६. अंतर आठ अंशांहून जास्त.

वेळ संध्याकाळी साडेसातची केली. पण नुसती वेळ बदलणं पुरेसं नाही. उत्तरेकडून थंडीची लाट आली की दव रात्री नऊलाही पडतं. म्हणून रोबोंना हुकूम देणाऱ्या गेटवेवर अट घातली:

```python
import math

def dew_point(t, rh):
    g = math.log(rh/100) + 17.62*t/(243.12+t)
    return 243.12*g / (17.62-g)

run_ok = (t_glass - dew_point(t_air, rh)) > 3 and wind < 8
```

`t_glass` साठी तापमानाचा पीटी-१०० सेन्सर पॅनेलच्या मागच्या बाजूला चिकटवला आहे. रात्री वरची काच मागच्या बाजूहून थोडी जास्त थंड असते, म्हणून शून्याऐवजी तीन अंशांची मोकळीक. वारा मीटर प्रति सेकंदात. ही अट फक्त निघताना तपासून चालत नाही, परतीच्या २७ मिनिटांत हवा बदलू शकते. टोकाला पोचल्यावर पुन्हा तपासायची, आणि अट मोडली असेल तर ब्रश बंद ठेवून नुसतं परत यायचं.

अ आणि ब दोन्ही ओळी आज पाण्याने घासून धुतल्या. पाणी मारून दोन मिनिटं भिजू दिलं, मग मऊ ब्रश. नुसत्या फवाऱ्याने फराटे गेले नाहीत.

जाता जाता: लेपाची ब ओळही वाचली नव्हती. पाणी झटकणाऱ्या काचेवर दवाचा पडदा होत नाही, सुटे थेंब होतात. थेंब सुकताना आजूबाजूची धूळ आपल्याखाली गोळा करतात. सपाट थराऐवजी ठिपके, एवढाच फरक.

९ जानेवारी

अ ओळीचा रोबो सकाळी सहाव्या टेबलावर अडकलेला सापडला. बॅटरी संपली होती. रोबोच्या पाठीवर त्याचं स्वतःचं छोटं पॅनेल असतं आणि रोबो ओळीतली सगळी पॅनेलं झाडतो, पाठीवरचं सोडून. वर धुळीचा जाड थर होता. आता ते आठवड्याला फडक्याने पुसायचं, आणि बॅटरी ४० टक्क्यांखाली असेल तर त्या रात्री रोबो निघायचाच नाही.

अडकलेल्या रोबोची किंमत: अर्धा मीटर रुंद सावली पॅनेलच्या तीनपैकी दोन उपस्ट्रिंग झाकते. दोन बायपास डायोड चालू होतात आणि झाकलेला भाग वगळून करंट पुढे नेतात, २८ पॅनेलांच्या स्ट्रिंगमधून दोन-तृतीयांश पॅनेल गळतं, २.४ टक्के, आणि हे वरच्या-खालच्या दोन्ही स्ट्रिंगना. थर्मल कॅमेऱ्यात जंक्शन बॉक्स शेजारच्यांपेक्षा ठळक दिसला. नियम: सूर्योदयाआधी तासभर प्रत्येक रोबो डॉकमध्ये, म्हणजे आपल्या थांब्यावर, असल्याचा संदेश यायला हवा. डॉकच्या प्रॉक्सिमिटी स्विचवर कोळिष्टक असलं की रोबो आत असूनही ‘बाहेर’ दाखवतो, तेही पाहायचं.

२० फेब्रुवारी

अ ओळीत खालच्या स्ट्रिंगचा करंट वरच्यापेक्षा १.५ टक्के कमी. नोव्हेंबरात दोन्ही सारखे होते. वर-खाली वेगळ्या स्ट्रिंग असल्यामुळेच हे कळलं, नाहीतर सरासरीत बुडालं असतं.

खालच्या पॅनेलांच्या तळाशी, फ्रेमच्या ओठाला लागून, बोटभर रुंद मातीची पट्टी. वरून झाडलेलं सगळं तिथे येऊन थांबतं. तळाची पेशींची रांग झाकली गेली की अर्ध-पेशी पॅनेलचा खालचा अर्धा भाग मार खातो. पट्टी का राहते ते शोधायला रोबो जागेवर उभा करून ब्रश पाच सेकंद फिरवला. धुळीत त्याचा स्वच्छ ठसा उमटतो. वरच्या टोकाला ठसा ४५ मिमी रुंद, खालच्या टोकाला १५. ब्रश खालच्या बाजूला झिजलाय, कारण पुर्लिनच्या लोंबण्यामुळे पायऱ्या खालीच जास्त होत्या आणि तंतू फ्रेमच्या कडांवर घासत होते.

ब्रशचे तुकडे वर-खाली अदलाबदल केले, खालच्या बेअरिंगखालची एक २ मिमीची शिम काढली. ठसा आता ४० आणि ३५.

इथे मोह आवरायचा: जास्त दाबला तर जास्त साफ, असं नसतं. तंतू टोकाने झाडतो. जास्त दाबला की वाकतो, कुशीने घासतो, आणि खाली अडकलेला क्वार्ट्झचा कण काचेवर ओढला जातो. क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण आहे. ब्रश मोटरचा करंट रोज नोंदवतो: नेहमीपेक्षा २० टक्के वर गेला तर दाब जास्त किंवा बेअरिंगमध्ये वाळू, २० टक्के खाली गेला तर ब्रश झिजला.

कबुतरांची विष्ठा कोरड्या ब्रशने निघत नाही, उलट पसरते. दोघांची तुकडी पाठीवर फवारणी पंप घेऊन फक्त डागांवर पाणी मारते.

११ मार्च

लेपाचा हिशोब. ब ओळीवर आजवर रोबोच्या सुमारे २२० खेपा झाल्या, जाणं-येणं धरून. थेंबाचा कोन ११२ वरून ७४ वर आलाय. क ओळीवर, जिथे रोबो नाही, ९८. म्हणजे ऊन लेपाला हळूहळू खातं, ब्रश भराभर खातो. पंचवीस वर्षं रोज रात्री एक फेरी म्हणजे १८,२५० खेपा. त्यांपुढे २२० काहीच नाहीत.

अ आणि ब यांच्या धुळीच्या तोट्यात फरक ०.१ टक्का, म्हणजे आमच्या मापाच्या चुकीच्या आतला. त्यात लेपाचा सुरुवातीचा ०.४ चा तोटा धरला तर ब ओळ मागेच आहे. क आणि ड मध्ये मात्र फरक दिसतो, पण फक्त दव नसलेल्या दिवसांत: ड दिवसाला ०.४०, क ०.३३. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही सारख्या.

४ मे

काल संध्याकाळी आंधी. तासभर समोरचं टेबल दिसत नव्हतं. रोबो डॉकमध्ये कुलूपबंद होते, वाऱ्याची अट व्यवस्थित चालली. रात्री साडेदहाला वारा ८ च्या खाली आला.

अशा जाड थरावर पहिली खेप पूर्ण वेगाने मारली की ब्रशपुढे वाळूचा ढीग तयार होतो, चाकाखाली येतो, वरची आणि खालची मोटर वेगवेगळी घसरते आणि चौकट तिरकी होऊन अडकते. ब ओळीत तेच झालं. दोन्ही मोटरींची चाल मोजणाऱ्या एन्कोडरमध्ये ६० मिमीचा फरक पडल्यावर तो आपण होऊन थांबला. अ ओळीत वेग निम्मा ठेवला आणि दोन फेऱ्या मारल्या. दुपारी मोजलं तेव्हा तोटा १.२ टक्क्यावर आला होता. धुवायला ठेवलेल्या ड ओळीत त्याच वेळी ९ टक्के. टँकर तिथे पोचायला पाच दिवस लागतील.

१ जून

निर्णय. सरळ ओळींना लेपाशिवाय रोबो, ओळीला एक, म्हणजे फार तर १६४. खरेदीच्या कागदात तीन गोष्टी घातल्या: काच-दवबिंदू अंतराची अट रोबोच्या नियंत्रकातच हवी, वर-खालच्या ब्रशचा दाब वेगवेगळा लावता यायला हवा, आणि पॅनेल उत्पादकाची त्याच ब्रशसाठी लेखी मान्यता हवी. ती नसेल तर काचेची हमी धोक्यात.

लेप फक्त कुंपणालगतच्या तुटक टेबलांना, जिथे रोबो बसत नाही आणि टँकर कमी जातो. तिथेही दर वर्षी थेंबाचा कोन मोजायचा, ८० च्या खाली गेला की तो संपला असं धरायचं.

पाणी पूर्ण बंद होत नाही. कोरडा ब्रश मोठे कण नेतो, दहा मायक्रॉनखालची बारीक धूळ काचेला धरून राहते आणि तिचा पातळ पडदा साठत जातो. अ ओळीत तीन महिन्यांत तो ०.८ टक्क्यापर्यंत गेला. तिमाहीला एक ओलं धुणं ठेवलंय. पावणेतीन लाख लिटर महिन्याला होते, ते आता १ लाख ३७ हजार तिमाहीला. विष्ठेच्या डागांचं पाणी वेगळं.

ब्रशचे सुटे तुकडे मागवले, खालच्या टोकाचे दुप्पट.